चहाच्या पाकिटावरचा मजकूर मराठीत आणताना: चव एका बाजूला, गावाचं नाव दुसऱ्या बाजूला

सोलापुरातल्या एका चहाच्या व्यापाऱ्यासाठी मी पहिल्यांदा पाकिटावरचा मजकूर मराठीत केला, तेव्हा इंग्रजीत मस्कटेलच्या, म्हणजे सुवासिक द्राक्षांची आठवण करून देणाऱ्या वासाच्या, छटांचा उल्लेख होता. मी लिहिलं, ‘द्राक्षाच्या स्वादाचा दार्जिलिंगी चहा’. वाचायला छान वाटलं, मालकांनाही आवडलं, लेबलं छापून आली. मग त्यांच्या ओळखीतल्या एका जुन्या चहावाल्यांनी पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, ‘‘यात द्राक्षाचा इसेन्स घातलाय का?’’ आत तर नुसती चहाची पानं होती. सगळी लेबलं बाजूला ठेवावी लागली आणि छपाईचा खर्च वाया गेला.

त्या चार शब्दांत दोन चुका होत्या. चवीचं वर्णन मी घटक पदार्थासारखं लिहिलं होतं आणि कायद्याने जपलेलं गावाचं नाव साध्या विशेषणासारखं वापरलं होतं. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना तो फटका बसू नये म्हणून आज माझी पद्धत क्रमाने सांगतो. उदाहरण दार्जिलिंगच्या चहाचं आहे. वाइनच्या बाटलीवर तीच विभागणी लागते, तिचं थोडं शेवटाकडे.

१. बसण्याआधी काय हाताशी हवं

- पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे फोटो. फक्त मागचा परिच्छेद घेऊन काम करू नका. बारीक अक्षरात तळाशी असलेली ओळ बरेचदा वरच्या परिच्छेदाशी भांडत असते.
- माल कुठून आला त्याचा कागद: मळ्याचं किंवा विक्रेत्याचं बिल. दार्जिलिंग असेल तर टी बोर्डाच्या परवान्याची प्रत.
- त्या चहाचा वीसेक ग्रॅम नमुना.
- तीन रंगांच्या पेन्सिली.

मळ्याचा कागद मागायला नवखा माणूस संकोचतो. ‘आपण भाषांतर करणारे, आपल्याला बिल कशाला,’ असं वाटतं. पण गावाचं नाव मराठीत तुमच्या हातून उमटणार आहे. किंमत झाकून द्या म्हणावं, बाकीचं दाखवा.

२. मजकूर तीन रंगांत कापा

प्रत्येक वाक्यांशाला एकच प्रश्न विचारायचा: हे खरं आहे का ते ठरवायला कागद लागेल की जीभ?

जीभ लागत असेल तर ती चवीची नोंद. ‘मधाची झाक’, ‘तरतरीत’, ‘निवळ रंग’ हे चाखणाऱ्याचं मत असतं. दुसऱ्याला मध जाणवला नाही, तरी पहिला खोटा ठरत नाही. याला हिरवा रंग.

कागद लागत असेल आणि वाक्य जागेबद्दल असेल, म्हणजे चहा कुठे पिकला, कुठे तयार झाला, कुठे पॅक झाला, तर तो मूळस्थानाचा दावा. याला लाल.

तिसरा गट नवखे विसरतात. कागद लागतो, पण वाक्य जागेबद्दल नसतं: तोडणीचा हंगाम, पानाची प्रत, बनवण्याची पद्धत. याला निळा. हा गट वेगळा न काढल्यास यातले शब्द चवीत मिसळतात आणि मोठे घोटाळे होतात. ‘ऑरेंज पिको’ ही पानाची प्रत आहे, संत्र्याशी तिचा काही संबंध नाही. ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणजे पान वळून केलेला चहा, आपल्या घरोघरी उकळणाऱ्या दाणेदार सीटीसीहून वेगळा. मी एका पाकिटावर त्याचं ‘सनातनी चहा’ झालेलं पाहिलं आहे. ‘सेकंड फ्लश’मधला ‘फ्लश’ म्हणजे झुडपाला आलेली नवी पालवी. दार्जिलिंगला पहिली तोडणी साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत चालते, दुसरी मे-जूनमध्ये. म्हणून ‘दुसऱ्या बहराचा’ किंवा ‘दुसऱ्या तोडणीचा’. मला ‘बहर’ आवडतो. आपल्या जिल्ह्यात डाळिंबवाले मृग बहर, हस्त बहर म्हणतच असतात, त्यामुळे वाचकाला शब्द समजावून सांगावा लागत नाही.

३. लाल रंगाचे शब्द: इथे लेखणी आवरा

‘दार्जिलिंग’ हे नाव भारतात भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं पहिलं नाव. १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये लागू झाला आणि २००४ मध्ये दार्जिलिंग चहाची नोंद झाली. नाव आणि बोधचिन्ह टी बोर्डाच्या ताब्यात आहे. बोधचिन्हात एका बाजूने दिसणारा स्त्रीचा चेहरा आणि तिच्या हातात चहाची पानं आहेत. ठरलेल्या डोंगराळ भागातल्या नोंदणीकृत मळ्यांत पिकलेला आणि तिथेच तयार झालेला चहाच या नावाने विकता येतो. शेजारच्या नेपाळमधल्या इलाम भागातला चहा दिसायला आणि चवीला बराच जवळचा असतो, पण तो दार्जिलिंग नव्हे. चव मिळतीजुळती आहे म्हणून नाव वापरता येत नाही.

सोलापूरच्या माणसाला हे अवघड जायला नको. ‘सोलापुरी चादर’ या नावालाही मानांकन आहे आणि दुसऱ्या गावी विणलेली चादर त्या नावाने विकली की इथल्या यंत्रमागवाल्याच्या पोटावर पाय येतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीचंही तेच. दार्जिलिंगचं नाव लिहिताना मी मंगळवेढ्याचा शेतकरी डोळ्यांपुढे ठेवतो.

आता मराठीचा खास धोका. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘ई’ लावली की दोन अर्थ होतात. ‘नागपुरी संत्री’ म्हटलं की नागपूरकडची. पण ‘कोल्हापुरी मिसळ’ इथे सोलापुरात सात रस्ता चौकातल्या गाडीवर मिळते आणि कोणी हरकत घेत नाही, कारण तिथे ‘कोल्हापुरी’ म्हणजे त्या धाटणीची. म्हणून ‘दार्जिलिंगी चहा’ असं लिहिलं की वाचकाला त्या गावचा की त्या पद्धतीचा हे कळत नाही, आणि तीच संदिग्धता टाळण्यासाठी हा कायदा आहे. नाव जसंच्या तसं ठेवा: ‘दार्जिलिंग चहा’. ‘धाटणीचा’, ‘पद्धतीचा’, ‘सारखा’, ‘अस्सल’ यांपैकी काहीही त्याला चिकटवू नका. मूळ इंग्रजीतच ‘दार्जिलिंग स्टाइल’ असेल, तर ते मराठीत आणण्याआधी व्यापाऱ्याला थांबवा. तो भाषांतराचा प्रश्न राहत नाही, नाव वापरण्याच्या हक्काचा होतो.

दुसरा धोका विभक्तीचा. ‘सोलापूरचा चहा’ आणि ‘सोलापुरात पॅक केलेला चहा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंग्रजीत ‘ग्रोन’, ‘मेड’, ‘ब्लेंडेड’, ‘पॅक्ड’ अशी चार क्रियापदं असतील, तर मराठीतही चारच हवीत: पिकवलेला, तयार केलेला, मिश्रण केलेला, पॅक केलेला. जागा वाचवण्यासाठी त्या सगळ्यांचा एक ‘चा’ करू नका. लेबलावर जागा कमी पडली तर हिरव्या रंगातलं एक विशेषण उडवा, लाल रंगातलं क्रियापद नको.

अन्नसुरक्षेच्या लेबल-नियमांनुसार सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी जादा म्हणून चालते, पण ती मूळ माहितीला छेद देणारी नको. म्हणजे मराठी मजकुरात इंग्रजीपेक्षा एक पैशाचाही जास्त दावा असता कामा नये.

४. हिरव्या रंगाचे शब्द: इथे मोकळे व्हा, पण आधी चहा प्या

चव शब्दकोशातून येत नाही. नमुन्यातला अडीच ग्रॅम चहा, म्हणजे एक सपाट चमचा, पाऊण कप उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. दूध-साखर नको, आलं-वेलची तर अजिबात नको. बोअरचं जड पाणीही नको. त्याने रंग मंदावतो आणि वर तवंग येतो, मग ‘ब्राइट’ शब्दावर तुमचा विश्वासच बसत नाही. पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. पहिला घोट आवाज करत, हवेसकट ओढा. सुगंध नाकाच्या मागच्या बाजूला जातो आणि चवीपेक्षा तोच जास्त बोलतो.

आता अडणारे शब्द.

‘लिकर’ म्हणजे चहाचं गाळलेलं पाणी. याचं ‘मद्य’ झालेलं मी स्वतः वाचलं आहे. चहाच्या पेठेत ‘लिकर’ असंच म्हणतात, पण पाकीट घरी घेऊन जाणाऱ्याला ‘कोऱ्या चहाचा रंग’ लगेच कळतो. त्याच्याच जोडीचा ‘इन्फ्युजन’. चहा चाखणाऱ्यांच्या बोलण्यात त्याचा अर्थ बहुधा गाळून उरलेली ओली पानं असा असतो. ‘कॉपरी इन्फ्युजन’ दिसलं तर तांब्याचा रंग पानांचा आहे की पाण्याचा, हे विचारून घ्या. ज्याच्या हातचं वर्णन आहे त्यालाच ते माहीत असतं.

‘ब्रिस्क’ला मराठी एकशब्दी जोड नाही. जिभेला जाग आणणारा, कोरडा पण बोचरा नसलेला तुरटपणा म्हणजे ब्रिस्क. मी ‘तरतरीत’ वापरतो, जागा असेल तर ‘तरतरीत तुरटपणा’. नुसतं ‘तुरट’ लिहू नका, कच्च्या केळ्याची आठवण होते. ‘कडक’ही नको. आपल्याकडे कडक म्हणजे जास्त पावडर घालून उकळलेला, आणि दार्जिलिंगचा कोरा चहा हलका असतो. ग्राहक ‘कडक’ वाचून पाच मिनिटं दुधात उकळेल आणि पैसे वाया गेले म्हणेल.

‘फिनिश’ म्हणजे गिळल्यावर जिभेवर रेंगाळणारी चव. ‘शेवट’ लिहिलं तर अर्थ लागत नाही.

‘माल्टी’ हा आसामच्या चहाबद्दल वारंवार येणारा शब्द. मोड आणून, वाळवून भाजलेल्या धान्याचा वास. घरी नाचणीचं सत्त्व केलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. ‘भाजल्या सत्त्वासारखा खमंग’ लिहिलं की काम होतं.

आणि ‘मस्कटेल’, ज्याने माझी लेबलं वाया घालवली. हा शब्द मस्कट जातीच्या द्राक्षांवरून आला. दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंग चहात असा सुगंध येतो, त्याच्या मागे बारीक तुडतुडे आणि फुलकिडे असतात. ते कोवळं पान चावतात, झुडूप स्वतःला वाचवण्यासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि पान वाळताना-वळताना तोच वास खुलतो. द्राक्षाचा त्यात अंशही नसतो. शिवाय आपल्याकडचा वाचक द्राक्ष म्हटल्यावर नान्नजची सोनाका किंवा थॉमसन आठवतो. ती गोड असतात, पण त्यांना मस्कटचा तो फुलांसारखा दरवळ नसतो. म्हणून नुसतं ‘द्राक्षासारखा’ हेही अपुरं. मी आता लिहितो: ‘पिकल्या, सुवासिक द्राक्षांची आठवण करून देणारा दरवळ (मस्कटेल)’.

‘आठवण करून देणारा’ हे तीन शब्द फार महत्त्वाचे. ‘द्राक्षाच्या स्वादाचा चहा’ म्हणजे द्राक्षाचा स्वाद घातलेला चहा असा अर्थ होतो. स्वाद घातलेल्या चहाला ‘फ्लेवर्ड टी’ असं वेगळं लेबल लागतं, घातलेल्या स्वादाच्या नावासकट. म्हणजे चवीची एक निष्पाप नोंद चुकीच्या विभक्तीमुळे घटक पदार्थाचा दावा बनते. ‘च्या स्वादाचा’, ‘युक्त’, ‘मिश्रित’ हे तीन शेपटे हिरव्या रंगात कधीच येऊ देऊ नका. ‘ची झाक’, ‘ची आठवण’, ‘सारखा’ चालतात. हे ‘सारखा’ फळा-फुलांना लावायचं, गावाला नाही.

५. एक पाकीट पूर्ण करून पाहू

मूळ इंग्रजी मजकूर, उच्चाराप्रमाणे लिहितो:

‘सेकंड फ्लश दार्जिलिंग टी फ्रॉम अ सिंगल इस्टेट. ब्राइट अँबर लिकर विथ मस्कटेल नोट्स, अ हिंट ऑफ हनी अँड अ ब्रिस्क फिनिश. ऑर्थोडॉक्स, एफटीजीएफओपी वन. ब्लेंडेड अँड पॅक्ड इन सोलापूर.’

रंग देऊ. लाल: दार्जिलिंग टी, सिंगल इस्टेट, आणि शेवटचं वाक्य पूर्ण. निळा: सेकंड फ्लश, ऑर्थोडॉक्स, एफटीजीएफओपी वन. हिरवा: मधलं अख्खं वाक्य.

लाल शब्द एकाखाली एक लिहिले की लगेच खटकतं. पहिल्या वाक्यात चहा एकाच मळ्याचा आहे, शेवटच्यात तो सोलापुरात ‘ब्लेंड’ झाला आहे. मग मिसळलं काय? परिच्छेद सलग वाचताना हे दिसत नाही, कारण मध्ये मध आणि द्राक्षं येतात. रंग वेगळे केल्याचा खरा फायदा हा.

इथे अंदाज बांधायचा नाही, फोन करायचा. उत्तरं तीन असू शकतात. एक, त्याच मळ्याच्या दोन खेपा एकत्र केल्या. मग ‘एकाच मळ्याचा’ टिकतं. दोन, दार्जिलिंगच्याच दोन मळ्यांचा चहा मिसळला. मग ‘दार्जिलिंग चहा’ टिकतं, ‘एकाच मळ्याचा’ जातं. तीन, रंग यावा म्हणून थोडा आसाम घातला. मग ‘दार्जिलिंग चहा’ हे नावच जातं, आणि इंग्रजी बाजूही बदलावी लागते. या पाकिटाच्या बाबतीत बिलांवर एकाच मळ्याच्या दोन खेपा दिसल्या. मी व्यापाऱ्यांना म्हटलं, ‘‘साहेब, इंग्रजीतलं ब्लेंडेड काढा, ते तुमच्याच विरुद्ध बोलतंय.’’ त्यांनी काढलं. मगच मी मराठी लिहिलं:

‘दार्जिलिंग चहा. एकाच मळ्यातला.
दुसऱ्या बहराची तोडणी. ऑर्थोडॉक्स. प्रत: एफटीजीएफओपी १.
कोऱ्या चहाचा रंग निवळ, मधासारखा पिवळसर तांबूस. पिकल्या, सुवासिक द्राक्षांची आठवण करून देणारा दरवळ (मस्कटेल), मधाची हलकी झाक, आणि जिभेवर रेंगाळणारा तरतरीत तुरटपणा.
सोलापुरात पॅक केलेला.’

मूळची पहिली दोन वाक्यं मी तीन ओळींत तोडली आहेत. लाल शब्दांची ओळ स्वतंत्र, पूर्णविरामाने बंद. ‘दार्जिलिंगच्या डोंगरउतारांवरचा मस्कटेल दरवळ’ असं लिहायचा मोह होतो, पण त्याने चवीला गावाची हमी मिळते आणि गावाच्या नावाला चवीचं विशेषण चिकटतं. ‘अँबर’साठी ‘अंबरी’ लिहिलं नाही, कारण मराठीत त्याने रंग डोळ्यांपुढे येत नाही. प्रतीच्या अक्षरांची फोड केली नाही. ती व्यापाऱ्याची खूण आहे, तिच्यातल्या ‘टिप्पी’, ‘गोल्डन’, ‘फ्लॉवरी’ शब्दांचं भाषांतर केलं तर फुलांचा चहा असल्याचा भास होतो.

६. वाइनची बाटली आली तर

तेच तीन रंग. नाशिक व्हॅली वाइन हे नोंदवलेलं नाव आहे, त्याचं ‘नाशिकच्या खोऱ्यातली वाइन’ करू नका. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचं तेविसावं कलम वाइन आणि मद्यांबाबत स्पष्ट आहे: खरं मूळस्थान सोबत लिहिलं, नावाचा अनुवाद केला किंवा ‘प्रकारची’, ‘पद्धतीची’ असं जोडलं, तरी दुसऱ्या जागेचं नाव वापरता येत नाही. म्हणून बुडबुडे येणाऱ्या देशी वाइनला मराठीत ‘शॅम्पेन’ म्हणणं बोलण्यात खपतं, लेबलावर नाही. फ्रेंच बाटलीवरचे ‘अपेलासियाँ’पासून सुरू होणारे, म्हणजे मूळस्थानाचं नाव सांगणारे शब्द जसेच्या तसे देवनागरीत उतरवा. ‘मळ्यावरच बाटलीबंद’ या अर्थाचं वाक्य मात्र भाषांतरित करता येतं, कारण त्यात काय घडलं ते सांगितलंय, नाव नाही. हिरव्या रंगात ‘ड्राय’ म्हणजे साखर जवळपास न उरलेली. ‘कोरडी वाइन’ ऐवजी ‘गोड नसलेली’ लिहा.

७. छापायला देण्याआधी

मराठी मजकूर अशा माणसाला वाचायला द्या ज्याने इंग्रजी पाहिलेलं नाही, आणि दोनच प्रश्न विचारा: यात चहाच्या पानांशिवाय काय काय घातलंय? आणि हा चहा कुठे पिकलाय? माझ्याकडे हे काम शेजारच्या किराणा दुकानातल्या मावशी करतात. पहिल्याचं उत्तर ‘काहीच नाही’ आणि दुसऱ्याचं ‘दार्जिलिंगला’ असं आलं तर मजकूर बरोबर. ‘मध घातलाय’ असं आलं तर हिरव्या ओळीत कुठेतरी ‘युक्त’ घुसलंय. ‘सोलापूरला’ आलं तर शेवटच्या ओळीतलं ‘पॅक केलेला’ बारीक अक्षरात हरवलंय, ते मोठं करून घ्या.

प्रूफ हातात आल्यावर ‘दार्जिलिंग’मधली रफार आणि दोन्ही ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकते, आणि नाव पाकिटावर तीन ठिकाणी असेल तर ते तिन्ही ठिकाणी एकसारखंच हवं.